चेकआउटच्या स्क्रीनशॉटवर सर्टिफिकेटचा उल्लेखच नाही, मग कोर्सचे पैसे परत कसे मागायचे

कोर्स विकत घेतला, व्हिडिओ पाहून झाले, चाचण्याही दिल्या. सर्टिफिकेट डाउनलोड करायला बटण दाबलं, तर समोर आलं: ‘सर्टिफिकेट या प्लॅनमध्ये समाविष्ट नाही, अपग्रेड करा.’ अशी तक्रार असलेल्या बऱ्याच जणांच्या हातात एकच पुरावा असतो, तो म्हणजे पैसे भरताना काढलेला चेकआउट पानाचा स्क्रीनशॉट. ‘बघा, यात सर्टिफिकेट मिळणार नाही असं कुठे लिहिलंय?’ असं त्यांचं म्हणणं असतं.

म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. कंपनीचा माणूस तोच स्क्रीनशॉट बघून विचारणार, ‘सर्टिफिकेट मिळेल असं तरी यात कुठे लिहिलंय?’ ज्या पानावर सर्टिफिकेटचा शब्दच नाही, ते पान ना तुमच्या बाजूनं बोलतं, ना त्यांच्या. म्हणून नुसता तो स्क्रीनशॉट जोडून ‘फसवणूक झाली, पैसे परत करा’ अशी मेल पाठवली की दोन ओळींचं छापील उत्तर येतं आणि तक्रार बंद होते. त्याच स्क्रीनशॉटला योग्य जोड मिळाली, तर मात्र तो फार कामाचा ठरतो. ती जोड कशी शोधायची आणि मागणी कशी मांडायची, ते एका नमुन्याच्या प्रकरणावरून पाहू.

समजा, सांगलीतली एक मुलगी आहे, नुकतीच बी. कॉम. झालेली. एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेबाच्या कामासाठी अर्ज करायचा आहे आणि तिथे जीएसटी-अकाउंटिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट मागितलं आहे. तिला मोबाइलवर एक जाहिरात दिसते: ‘जीएसटी रिटर्न आणि अकाउंटिंग, शिका आणि सर्टिफिकेट मिळवा’. कोर्सच्या पानावर किंमत 3,999 रुपये. 12 मार्चला ती पैसे भरते. चेकआउटवर कोर्सचं नाव, ‘सर्व व्हिडिओ, सराव फाइल्स, एक वर्ष प्रवेश’ अशी एक ओळ, 18 टक्के जीएसटीचे 719.82 रुपये आणि एकूण 4,718.82 रुपये दिसतात. त्याचा ती स्क्रीनशॉट काढते. 2 एप्रिलला कोर्स संपतो आणि कळतं की सर्टिफिकेटसाठी आणखी 1,499 रुपये भरायचे आहेत.

आधी पुरावा, मग पत्र

पहिलं काम म्हणजे ती ‘अपग्रेड करा’ची पाटी पकडून ठेवणं. पैसे भरू नका, पण त्या बटणापर्यंत जा आणि संपूर्ण पडदा टिपा. वर पानाचा पत्ता दिसला पाहिजे, तारीख-वेळ दिसली पाहिजे, जादा रक्कम दिसली पाहिजे. कॉम्प्युटर असेल तर प्रिंटचा पर्याय उघडून पान पीडीएफ म्हणून जतन करा. ब्राउझरच्या छपाई सेटिंगमध्ये ‘हेडर-फूटर’ चालू ठेवलं की तारीख आणि पत्ता पानाच्या कडेला आपोआप छापला जातो. तक्रार गेल्यावर असा मजकूर बदलायला कंपनीला काही मिनिटं पुरतात, म्हणून हे काम तक्रारीच्या आधी.

दुसरं काम वचन शोधण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा असं माझं मत आहे. सर्टिफिकेट मिळेल अशी समजूत तुमच्या मनात कुठून आली? ती हवेतून येत नाही. जाहिरातीतून येते, कोर्सच्या पानावरच्या ‘काय काय मिळेल’ या यादीतून येते, त्या पानावर नमुन्यादाखल लावलेल्या सोनेरी काठाच्या सर्टिफिकेटच्या चित्रातून येते, नाहीतर पैसे भरण्याआधी व्हॉट्सअॅपवर बोललेल्या ‘काउन्सेलर’च्या मेसेजमधून येते. एकेक जागा तपासा. जुन्या मेल, एसएमएस आणि चॅटमध्ये ‘सर्टिफिकेट’, ‘प्रमाणपत्र’ आणि इंग्रजी स्पेलिंग असे तिन्ही शब्द शोधा. कोर्सचं पान आता बदललेलं असेल तर web.archive.org वर त्या पानाचा पत्ता टाकून पाहा. प्रत्येक पानाची जुनी नक्कल तिथे असतेच असं नाही, पण असली तर तारखेसह मिळते आणि ती नक्कल तुम्ही तयार केलेली नसते, हे तिचं मोठं मोल.

जाहिरात सापडत नसेल तर आणखी एक वाट आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर चालू असलेल्या जाहिराती मेटाच्या ‘अॅड लायब्ररी’त कुणालाही पाहता येतात. कंपनीचं नाव टाकलं की तिच्या सध्याच्या जाहिराती दिसतात. तीच जाहिरात अजून चालू असेल तर हातात आयता पुरावा येतो.

आमच्या उदाहरणात मुलीला दोन गोष्टी सापडतात. एक, कोर्सच्या पानाचं जतन केलेलं पीडीएफ, ज्यात ‘कोर्स पूर्ण केल्यावर सर्टिफिकेट’ अशी ओळ आहे. दोन, 11 मार्चचा व्हॉट्सअॅप मेसेज. तिनं विचारलं होतं, ‘सर्टिफिकेट मिळेल ना?’ आणि उत्तर आलं होतं, ‘हो मॅडम, कम्प्लीट केल्यावर लगेच.’ आता चेकआउटच्या स्क्रीनशॉटचा अर्थच बदलतो. 11 तारखेला वचन दिलं आणि 12 तारखेला पैसे घेताना ते वचन मागे घेतल्याचं, किंवा त्यासाठी वेगळे पैसे पडतील हे, कुठेच सांगितलं नाही. वचन एका कागदावर आहे आणि पैसे घेतानाचं मौन दुसऱ्यावर. मागणी उभी राहते ती या दोन कागदांच्या जोडीवर.

शोधूनही वचन कुठेच सापडलं नाही तर? तर सरळ मान्य करावं की बाजू लंगडी आहे. कोर्सबरोबर सर्टिफिकेट असतंच, असा नियम नाही. ‘एनपीटीईएल’ या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचं उदाहरण घ्या. तिथे कोर्स फुकट करता येतो, प्रमाणपत्र हवं असेल तर वेगळी फी भरून परीक्षा द्यावी लागते, आणि हे आधीच उघडपणे सांगितलेलं असतं. त्यात गैर काही नाही. विकणाऱ्यानं वचन दिलं नसेल आणि कोर्सच्या पानावर ‘सर्टिफिकेट वेगळं’ असं ठळक लिहिलं असेल, तर चेकआउटवर तो शब्द नव्हता एवढ्यावर पैसे परत मिळण्याची आशा धरू नका. अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या परतावा धोरणात किती दिवसांची मुदत आहे ते पाहा आणि त्या आधारावर मागा.

वचन नेमकं कशाचं होतं, हेही तपासा. ‘कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट’ ही एक गोष्ट आणि ‘सरकारमान्य प्रमाणपत्र’ ही दुसरी. जे कबूल केलं होतं तेवढंच मागा. थोडं फुगवून लिहिलं की कंपनी त्या फुगवलेल्या भागालाच उत्तर देते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

स्क्रीनशॉट हाताळताना

मूळ फाइल फोनमध्ये जशीच्या तशी राहू द्या. तिच्यावर लाल गोल काढू नका, कडा कापू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवून परत डाउनलोड केलेली प्रत मूळ म्हणून वापरू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि फाइलच्या पोटातली तारीख-वेळेची माहितीही बहुधा गळते. मूळ फाइल मेलनं स्वतःलाच पाठवून ठेवा. खुणा करायच्या असतील तर वेगळ्या प्रतीवर करा.

मग तो स्क्रीनशॉट कंपनीच्या वकिलाच्या नजरेनं एकदा बघा. पान पूर्ण आहे का, की खालचा भाग सुटलाय? ‘अधिक पाहा’ असं मिटवलेलं कलम आहे का? पैसे भरण्याच्या बटणाखाली बारीक अक्षरात ‘पुढे जाऊन तुम्ही अटी मान्य करता’ अशी ओळ आणि दुवा आहे का? असेल तर त्या अटी आजच उघडा, पूर्ण वाचा, त्यांचंही पीडीएफ करा. अटींमध्ये कुठेतरी ‘बेसिक प्लॅनमध्ये सर्टिफिकेट नाही’ असं सापडण्याची शक्यता असते. सापडलं तर घाबरून तक्रार सोडू नका, पण लपवूही नका. तुमच्या पत्रात तुम्हीच त्याचा उल्लेख करा: समोरच्या पानावर ठळक वचन द्यायचं आणि ते मागे घेणारी अट दुव्याआड ठेवायची, हे ग्राहकाला कळवणं नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी 2022 साली आलेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. खाली दिलेला खुलासा मुख्य दाव्याच्या उलट जाता कामा नये आणि महत्त्वाची माहिती दडवण्यासाठी वापरता कामा नये.

स्क्रीनशॉट अर्धवट असेल तर तो पूर्ण असल्याचा आव आणू नका. ‘मला दिसलेल्या भागात’ असं लिहा आणि सोबत त्यांच्याच बिलाची प्रत जोडा. पैसे भरल्यावर आलेली मेल आणि जीएसटी बिल यांत कोर्सचं वर्णन असतं. तिथेही ‘सर्टिफिकेटशिवाय’ असं नसेल तर स्क्रीनशॉटला त्यांच्याच कागदाचा दुजोरा मिळतो.

कायद्यातल्या किती गोष्टी लागतात

फार नाहीत. चार पुरे आहेत आणि पत्रात त्यांतल्या तीन आल्या तरी भागतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या आहे. ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही त्यात धरलेलं आहे. चेकआउटच्या मौनाला कायद्यात जागा मिळते ती इथे.

ई-कॉमर्स नियम 2020 नुसार ऑनलाइन विकणाऱ्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यायचा असतो, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. याच नियमांत असंही आहे की सेवा सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. ‘आमचं नो-रिफंड धोरण आहे’ या उत्तराला हा नियम पुरेसा आहे. मन बदललं म्हणून पैसे मागणाऱ्याला ते धोरण लागू करा, कबूल केलेली वस्तूच दिली नाही तिथे ते आड येऊ शकत नाही.

चौथी गोष्ट नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचना. त्यांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी आहे. त्यातल्या ‘ड्रिप प्रायसिंग’मध्ये किमतीचा काही भाग आधी न सांगणं आहेच, शिवाय आधीच पैसे भरलेली सेवा आणखी काही विकत घेतल्याशिवाय वापरू न देणं हेही आहे. 1,499 रुपयांची ‘अपग्रेड’ पाटी याच चौकटीत बसते, म्हणून तिचा स्क्रीनशॉट आधी काढायला सांगितलं.

पत्र

मागायचं काय ते आधी ठरवा. सर्टिफिकेट मिळालं तर चालेल, की आता पैसेच हवेत? आमच्या मुलीची अर्जाची तारीख निघून गेली आहे, तिला सर्टिफिकेटचा आता उपयोग नाही, म्हणून ती पैसेच मागते. तुमचं काम सर्टिफिकेटनं भागणार असेल तर ‘विनामूल्य सर्टिफिकेट द्या, अन्यथा पूर्ण परतावा द्या’ असं लिहा. मनात नसलेला पर्याय मात्र सौजन्य म्हणून लिहू नका, कारण कंपनी हमखास तोच उचलते.

रक्कम जीएसटीसह लिहा. 3,999 लिहिलं तर 3,999 च परत येतील. खात्यातून गेले 4,718.82, तेवढेच मागायचे.

पत्र मेलनं जावं, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर आणि सपोर्टच्या पत्त्यावर एकाच वेळी. चॅटवर बोललात तर त्याचीही प्रत मेलला जोडा. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी मेलनं कळवा: ‘आज आपल्या प्रतिनिधीनं असं सांगितलं.’ नमुना असा:

> विषय: ऑर्डर क्रमांक (……), 4,718.82 रुपयांचा परतावा, कबूल केलेलं सर्टिफिकेट न मिळाल्याबाबत
>
> मा. तक्रार निवारण अधिकारी यांस,
>
> मी 12 मार्च रोजी आपला ‘जीएसटी रिटर्न आणि अकाउंटिंग’ हा कोर्स 4,718.82 रुपये भरून घेतला. कोर्सच्या पानावर ‘कोर्स पूर्ण केल्यावर सर्टिफिकेट’ असं लिहिलेलं होतं (जोडपत्र 1). 11 मार्च रोजी मी विचारल्यावर आपल्या प्रतिनिधीनंही व्हॉट्सअॅपवर तसंच सांगितलं (जोडपत्र 2).
>
> पैसे भरतानाच्या चेकआउट पानावर सर्टिफिकेट वगळलेलं आहे किंवा त्यासाठी वेगळी रक्कम पडेल, असा कोणताही उल्लेख नव्हता (जोडपत्र 3). आपल्या बिलातही नाही (जोडपत्र 4). 2 एप्रिल रोजी कोर्स पूर्ण केल्यावर प्रथमच 1,499 रुपये जादा मागण्यात आले (जोडपत्र 5).
>
> ही ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 2(11) प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. सेवा जाहिरातीप्रमाणे नसल्यानं ई-कॉमर्स नियम 2020 नुसार परतावा नाकारता येत नाही.
>
> कृपया 4,718.82 रुपये ज्या माध्यमातून भरले त्याच माध्यमात 15 दिवसांत परत करावेत. कूपन किंवा दुसरा कोर्स मला मान्य नाही. तक्रारीची पोच आणि तक्रार क्रमांक 48 तासांत कळवावा.

यात ‘चोर’, ‘फ्रॉड’, ‘सोशल मीडियावर बदनामी करीन’ यांतलं काही नाही आणि ते मुद्दाम नाही. हे पत्र पुढे ग्राहक आयोगासमोर जाऊ शकतं. राग कितीही रास्त असला तरी तिथल्या वाचणाऱ्याला तारीख, रक्कम आणि जोडपत्र एवढंच हवं असतं. कंपनीचं कामकाज इंग्रजीत चालत असेल तर याच चार परिच्छेदांचं इंग्रजी करून पाठवा, क्रम मात्र असाच ठेवा: वचन, मौन, नियम, मागणी.

जोडपत्रांच्या फाइलना नावं द्या. फोननं दिलेल्या लांबलचक आकड्यांच्या नावाऐवजी ‘जोडपत्र 3 – चेकआउट – 12 मार्च’ असं. उघडणाऱ्याला शोधावं लागलं की तो शोधत नाही.

उत्तर काय येतं आणि पुढे काय

पहिलं उत्तर बहुधा हेच असतं: ‘तुम्ही कोर्स वापरला आहे, त्यामुळे परतावा देता येणार नाही.’ हा मुद्दा अगदीच पोकळ नाही, हे लक्षात घ्या. शिकवणीचा फायदा तुम्ही घेतलेला असतो आणि आयोगही पूर्ण रकमेऐवजी काही भागच परत द्यायला सांगू शकतो. तरी उत्तर आहे. सर्टिफिकेट नाही हे कोर्स पूर्ण केल्यावरच कळण्याची व्यवस्था कंपनीनंच केली, आणि कळल्यानंतर मी कोर्सचे व्हिडिओ पाहिलेले नाहीत. हे दुसरं वाक्य खरं असायला हवं. म्हणून कळल्या क्षणापासून त्या कोर्समध्ये लॉग-इन करून व्हिडिओ पाहणं थांबवा, कारण कंपनीकडे त्याची नोंद असते. कोर्स अर्धा असतानाच कळलं असेल तर तुमची बाजू आणखी बळकट.

दुसरं उत्तर तडजोडीचं असतं, म्हणजे निम्मी रक्कम, कूपन, नाहीतर ‘विशेष बाब म्हणून’ सर्टिफिकेट. निम्मी रक्कम घ्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यात कमीपणा नाही. पण घेतलीत तर ती ‘पूर्ण आणि अंतिम’ तडजोड म्हणून की अंशतः, ते मेलमध्ये स्पष्ट करून घ्या. पैसे आल्यावर वाद घालता येत नाही.

महिना उलटला किंवा स्पष्ट नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. 1915 या क्रमांकावर फोन करता येतो किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवता येते. तीच पाच जोडपत्रं तिथे चढवा. हेल्पलाइन कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर नरमतात, आणि नोंदणी क्रमांक पुढेही उपयोगी पडतो.

कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागण्याचा मार्गही आहे. कारण ‘सेवा वर्णनाप्रमाणे नाही’ असं द्यायचं. इथे दोन काळज्या घ्या. बँक पहिल्यांदा विचारते की विक्रेत्याकडे मागितलं होतं का, म्हणून वरचं पत्र आधी गेलेलं हवं. आणि या दाव्याला मुदत असते, ती कार्डाच्या प्रकारावर ठरते, म्हणून कंपनीच्या ‘लवकरच कळवतो’वर महिनोन्महिने बसू नका. बँकेला आजच फोन करून मुदत विचारा. कोर्स मोबाइलच्या अॅप स्टोअरमधून घेतला असेल तर पैसे स्टोअरनं घेतलेले असतात. अशा वेळी परताव्याचा अर्ज स्टोअरकडेही करा, आणि तो फार लवकर करा.

‘हप्त्यात भरा’ म्हणून कोर्स घेतला असेल तर कागद नीट बघा. अनेकदा तो हप्ता नसून तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. रागानं हप्ते थांबवले तर तुमचा सिबिल स्कोअर खाली येतो, कंपनीचं काही बिघडत नाही. तक्रारीची प्रत कर्ज देणाऱ्या संस्थेला पाठवा, परतावा कर्जखात्यात जमा करून खातं बंद केल्याचं पत्र मागा, आणि तोवर हप्ते चालू ठेवा.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे आमच्या मुलीला सांगलीतच. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही, वकील बंधनकारक नाही, तक्रार e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून, म्हणजे इथे 2 एप्रिलपासून धरायची. परताव्याशिवाय मानसिक त्रास आणि खर्चाची भरपाईही मागता येते. पाच हजारांच्या प्रकरणात लाखांची भरपाई मागू नका, त्यानं खरी मागणी हलकी होते. फोनमधली मूळ फाइल जपून ठेवायला सांगितलं त्याचं कारणही इथे कळतं. कंपनीनं स्क्रीनशॉटवर शंका घेतली तर तुम्हाला फोन दाखवता आला पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रासाठीही तोच लागतो.

या सगळ्या वाटेवर एक खड्डा आहे, आणि नवख्या माणसाचा पाय नेमका त्यातच पडतो. कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक गुगलवर शोधू नका. खोटे क्रमांक तिथे पेरलेले असतात. ‘रिफंड देतो’ म्हणून फोन घेणारा माणूस स्क्रीन दाखवणारं अॅप टाकायला लावतो किंवा यूपीआय पिन टाकायला सांगतो. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. संपर्क फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर तळाशी दिलेलाच वापरा.

परतावा मंजूर झाल्याची मेल आली की तिथेही थोडं थांबा. ‘प्रक्रिया सुरू केली’ म्हणजे पैसे आले असं नव्हे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागून घ्या, यूपीआयसाठी आरआरएन आणि कार्डासाठी एआरएन. पैसे दिसत नसतील तर तो क्रमांक दिल्यावर बँक ते कुठे अडकले ते सांगू शकते. रक्कम 4,718.82 च आहे ना ते बघा, जीएसटीचे 719.82 वजा झाले असतील तर त्याच मेलच्या उत्तरात लगेच कळवा. कोर्स आपोआप नूतनीकरण होणारा असेल तर यूपीआय अॅपमधला किंवा बँकेतला ऑटोपे स्वतः रद्द करा, कंपनीवर सोडू नका. जोडपत्रांचा फोल्डर मात्र पैसे खात्यात दिसल्यानंतरही दोन वर्षं पुसू नका.